उंचीची पट्टी: १४ वर्षांखालच्या मुलांच्या सरावाची वही, डिचोली

६ जुलै २०२४, शनिवार

आजपासून ही वही. आमच्या फुटबॉल क्लबच्या १४ वर्षांखालच्या गटात सतरा मुलं आहेत. नावं लिहीत नाही, जर्सीचे नंबर लिहितो. वही उद्या कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

वही सुरू करायचं कारण साधं आहे. गेल्या दोन मोसमांत गुडघा किंवा टाच दुखते म्हणून जी मुलं बाहेर बसली, ती बहुतेक "गेल्या वर्षी केवढासा होता हा" या वर्गातली. पण नेमका कधी वाढला आणि किती वाढला, ते माझ्याकडे लिहिलेलं नव्हतं. शाळेच्या फॉर्मवरची उंची तर अंदाजपंचेच असते.

खोलीच्या एका भिंतीवर, जिथे गिलावा सपाट आहे, मापाची पट्टी पक्की चिकटवली. डोक्यावर टेकवायला सुताराचा गुण्या. वही किंवा पुस्तक टेकवलं की ते तिरकं होतं आणि पाऊण सेंटिमीटर कुठेतरी जातं. माप सकाळी पावणेसातला, सरावाआधीच घ्यायचं. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात, त्यामुळे संध्याकाळी तोच मुलगा सुमारे एक सेंटिमीटर बुटका भरतो. एका महिन्याची वाढ त्याहून कमी असते, म्हणजे वेळ चुकली की सगळा हिशेब वाया. प्रत्येकाला दोनदा मोजायचं, दोन्हींत चार मिलिमीटरपेक्षा फरक आला तर तिसऱ्यांदा.

उभं माप झालं की बसून माप. चाळीस सेंटिमीटर उंचीच्या लाकडी खोक्यावर भिंतीला पाठ लावून बसवायचं आणि आलेल्या आकड्यातून चाळीस वजा करायचे. उभ्या उंचीतून ही बैठी उंची वजा केली की पायांची लांबी मिळते. पोरांना याची फार गंमत वाटली. ६ नंबर म्हणाला, "सर, पँट शिवणार काय?"

९ नंबर, उजवा विंगर. वय १३ वर्षं ४ महिने. उंची १५२.१, बैठी ७७.४, म्हणजे पाय ७४.७. वजन ४० किलो. त्याची आई गेटवर भेटली, म्हणाली फेब्रुवारीत घेतलेले बूट आताच चावायला लागलेत. हे लिहून ठेवतो, कारण वाढ पावलांपासून सुरू होते. आधी पाऊल, मग नडगी आणि मांडी, धड सर्वांत शेवटी. बूट लहान होणं ही पहिली वर्दी.

१८ जुलै, गुरुवार

मैदानात पिंढरीपर्यंत पाणी. हा तिसरा आठवडा. शेजारच्या हॉलमध्ये सराव घेतला. खाली सिमेंटची फरशी, वर पत्रा, पावसाच्या आवाजात शिट्टीही ऐकू येत नाही. चेंडू फार चालत नाही म्हणून उड्या घेतल्या: छोट्या हर्डलवरून, वीस उड्यांच्या सहा फेऱ्या. मुलं दमली, खूश झाली. पुढचे दोन गुरुवार असंच करू.

३ ऑगस्ट, शनिवार

दुसरं माप. ९ नंबर १५२.८. चार आठवड्यांत सात मिलिमीटर. यावर लगेच काही ठरवत नाही. माझ्या हाताची चूकच चार-पाच मिलिमीटरची असू शकते. निदान दोन महिन्यांचं अंतर हवं.

खेळ मात्र बिघडलाय. मे महिन्यात तो पायावर साठ-पासष्ट वेळा चेंडू उडवायचा. आज तीन प्रयत्नांत सर्वांत जास्त बावीस. दहा शंकूंतून चेंडू नेऊन परत यायला तेव्हा १२.४ सेकंद लागत होते, आज १३.३. क्रॉस मारतो तो सगळा गोलच्या मागे. धावताना स्वतःच्याच पायात अडकून दोनदा पडला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज माझा तोल गेला. ९ नंबरने सोपे तीन पास घालवले आणि वर हसला. त्याला मैदानाच्या सहा जादा फेऱ्या आणि नंतर दहा स्प्रिंट दिले. वहीत लिहिलं, "आळस. मोबाइल." खाली सही नाही, पण अक्षर माझंच आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

तिसरं माप. ९ नंबर १५३.७. आता ५६ दिवसांचं अंतर मिळालं. घरी संगणकावर तक्ता केला: पहिल्या रकान्यात तारीख, तिसऱ्यात उंची. वर्षाचा वेग काढायला इतकंच लागतं:

```
=(C4-C2)/(A4-A2)*365.25
```

उत्तर १०.४. म्हणजे या वेगाने वाढत राहिला तर वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त. मुलग्यांचा वाढीचा कळस सरासरी साडेतेरा-चौदाच्या आसपास येतो आणि त्या वर्षात नऊ-साडेनऊ सेंटिमीटर वाढ ही सरासरी. मुलींचा कळस साधारण दोन वर्षं आधी येतो आणि थोडा ठेंगणा असतो. ९ नंबर ऐन कळसावर आहे.

मोजण्यात पाच मिलिमीटरची चूक धरली तरी वेग सातच्या खाली जात नाही. वर्षाला सात सेंटिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे सहा मिलिमीटर, ही रेघ मी या गटासाठी धरली आहे. त्याच्या वर गेला की त्या मुलाच्या सरावाचं पान वेगळं.

मिरवाल्डचं सूत्रही लावून पाहिलं. कॅनडातल्या संशोधकांनी २००२ साली दिलेलं हे सूत्र वय, वजन, उभी-बैठी उंची आणि पायांची लांबी यांवरून मुलगा कळसापासून किती दूर आहे ते सांगतं. जुलैची मापं घातल्यावर उत्तर आलं उणे १.२८, म्हणजे कळस अजून सव्वा वर्ष दूर. पट्टी सांगते कळस चालू आहे, सूत्र सांगतं पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला. सूत्राची चूक वर्षभर इकडे-तिकडे असू शकते, आणि लवकर किंवा उशिरा वाढणाऱ्यांच्या बाबतीत ते जास्त चुकतं. एकदाच मोजता येणार असेल तर सूत्र ठीक. मला दर चार आठवड्यांनी तोच मुलगा त्याच भिंतीशी उभा करता येतो, तर मी पट्टीवर विश्वास ठेवतो.

१३ ऑगस्टची नोंद खोडली नाही. खाली लिहिलं: आळस नव्हे. दोन महिन्यांत दीड सेंटिमीटर. बहुतेक पायात.

लांब झालेला पाय जड तर होतोच, शिवाय त्याचं वजन कमरेपासून दूर जातं, म्हणून तो फिरवायला जास्त जोर लागतो. तो जोर देणारे स्नायू मात्र मागून येतात. उंचीचा कळस गेल्यावर सहा महिने ते वर्षभराने ताकद भरते. मधल्या काळात मेंदूचा जुना हिशेब चालू असतो: पाय इथपर्यंत पोचेल, चेंडू इतक्या जोराने जाईल. तो दर आठवड्याला थोडा थोडा चुकतो. हे सगळ्यांनाच होतं असं नाही. १० नंबरही भरभर वाढतोय, पण त्याच्या खेळात काही फरक नाही. त्यामुळे "वाढतोय म्हणजे बिघडणारच" असं धरून कोणाला बाहेर बसवायचं नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

झोपेचा कागद. प्रत्येकाला सात दिवसांचा तक्ता दिला होता: दिवा कधी मालवला, कधी उठलो. आज परत आले. निम्म्यांनी शेवटच्या दिवशी एकदम भरलेत, शाईच सांगते. ९ नंबरचा खरा वाटतो, कारण त्यात "१२.१०, क्लिप बघत होतो" असं लिहिलंय.

त्याची सरासरी सहा तास पंचवीस मिनिटं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये सातवी ते बारावीच्या ११२ खेळाडूंचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला होता. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत व्हायची शक्यता १.७ पट निघाली. झोप कमी म्हणूनच दुखापत झाली असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण गाढ झोपेच्या पहिल्या टप्प्यांत वाढीचं हार्मोन सर्वांत जास्त सुटतं, हे पक्कं आहे. ऐन वाढीतल्या मुलाची तीच वेळ आपण कापतो.

कोण कापतं ते शोधायला बसलो. शिकवणी सात ते साडेआठ. घरी जेवण साडेनऊ. मग गृहपाठ, मग मोबाइल, साडेअकरा. आणि मंगळवार-गुरुवारी पावणेसहाला उठणं. पावणेसहाला का? सव्वासहाचा सराव माझा. शाळा पावणेआठची.

आईबापांना "लवकर झोपवा" सांगणं सोपं होतं, दरवर्षी सांगतोही. या वयात शरीराचं घड्याळच एक-दोन तास पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं. साडेनऊला अंथरुणात घातलं तर मुलगा छताकडे बघत पडतो. रात्रीचं टोक हलत नसेल तर सकाळचं हलवावं. सकाळचा सराव बंद. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार संध्याकाळी पाच ते साडेसहा, शिकवणीआधी मोकळे. मापाचा शनिवार तेवढा सकाळी ठेवतो, महिन्यातून एकच.

दोन पालकांचा विरोध: संध्याकाळी मुलं दमलेली असतात. त्यावर उपाय गोव्यातच आहे. शाळा दीडला सुटते, शीतकडी पोटात गेली की सगळा गाव आडवा होतो. मुलांनाही झोपू द्या, पण अर्धा तासच, आणि साडेतीनच्या आत उठवा. तासभर झोपला की रात्री बारापर्यंत जागा.

१६ सप्टेंबर, सोमवार

चवथीनंतर पहिला दिवस. दहा दिवस सुट्टी दिली होती. गावात घुमट वाजवत आरत्या रात्री एक-दोनपर्यंत चालतात आणि ही पोरं त्यात पुढे असतात. झोपेचा कागद मुद्दाम दिला नव्हता.

९ नंबरच्या घरी दर्शनाला गेलो होतो. त्याची आई सांगत होती, "गेल्या चवथीला स्टुलावर चढून गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधली यानं. यंदा जमिनीवरूनच हात पोचला. आणि जाता-येता लोंबत्या फळांना डोकं आपटतं, ते वेगळंच." मी हसलो. मग आरतीला तो गुडघ्यावर बसला आणि चटकन उठला, तेव्हा हसू गेलं.

आज मैदानावर विचारलं. उजवा गुडघा, जुलैच्या शेवटापासून थोडा थोडा दुखतो. "सांगितलं नाहीस?" "टीममधून काढाल म्हणून." वाटीच्या खाली, नडगी सुरू होते तिथे, डाव्यापेक्षा स्पष्ट मोठा टेंगूळ. बोटाने दाबला की दचकतो. जिना उतरताना, उडी मारून पडताना, जोरात शॉट मारताना दुखतं. बसून असताना नाही, रात्री नाही.

जुलैचा शेवट. सिमेंटची फरशी, एकशेवीस उड्या, तीन गुरुवार. आणि १३ ऑगस्टचे दहा स्प्रिंट.

काय होतं ते मुलांना रबर आणि ओल्या मातीने दाखवतो, तसंच इथे लिहितो. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या त्या उंचवट्याला जोडलेला असतो. मोठ्या माणसात तो उंचवटा हाडच असतो. या वयात तिथे अजून कूर्चा असते, वाढीची मऊ जागा. मांडीचं हाड भराभर लांबतं, स्नायू तेवढा लांबत नाही, ताणलेला राहतो. मग प्रत्येक शॉट, प्रत्येक थांबणं, प्रत्येक उडी त्या मऊ जागेला हिसका देते. मोठ्या माणसाचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, दुखेल, मुलाची कूर्चा दुखते.

२० सप्टेंबर, शुक्रवार

९ नंबरचे वडील त्याला बांबोळीच्या इस्पितळात घेऊन गेले, मीही सोबत होतो. डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी खुबा फिरवून पाहिला. हे मला माहीत नव्हतं. या वयात खुब्याच्या हाडाचं डोकं वाढीच्या रेषेवरून घसरू शकतं आणि त्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. मुलगा लंगडतोय, पाय आत वळत नाही, गुडघा मात्र दाबून दुखत नाही, असं दिसलं तर चालवायचंही नाही, त्याच दिवशी दवाखाना. ९ नंबरचा खुबा नीट फिरतो.

निदान ऑसगुड-श्लॅटर, म्हणजे नडगीवरच्या त्या मऊ जागेचंच दुखणं. एक्स-रे काढला नाही. दुखणं एकाच जागी, टेंगूळ स्पष्ट, वय बरोबर, मग गरज नाही म्हणाले. गोळ्या नाहीत, प्लास्टर नाही. वडिलांनी विचारलं, "पूर्ण बंद करू का खेळ?" डॉक्टर म्हणाले, पूर्ण बंद केलं तर मांडी अजून कमकुवत होईल आणि परत आल्यावर तेच दुखेल. कमी करायचं आणि काय कमी करायचं ते ठरवायचं. टेंगूळ कदाचित कायम राहील, दुखणं वाढ संपेपर्यंत येऊन-जाऊन राहू शकतं, हेही स्पष्ट सांगितलं. वडिलांना ते आवडलं नाही. मला बरं वाटलं, कारण दोन आठवड्यांत बरा होईल असं सांगितलं असतं तर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी त्याला सामन्यात उतरवलं असतं.

खालच्या ओपीडीत फिजिओथेरपिस्टनी व्यायाम दिले आणि दुखण्याचं माप शिकवलं: शून्य ते दहा. दोनपर्यंत चालेल. तीन ते पाच आलं तर त्या दिवशी तो प्रकार कमी. पाचच्या वर थांबायचं. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, जिना उतरताना. कालपेक्षा जास्त दुखलं तर काल जास्त झालं.

२८ सप्टेंबर, शनिवार

माप: १५४.६, बैठी ७८.१, पाय ७६.५. जुलैपासून अडीच सेंटिमीटर, त्यातले १.८ पायांत आणि ०.७ धडात. वेग वर्षाला १०.९. ऑगस्टमध्ये "बहुतेक पायात" लिहिलं होतं, ते खरं निघालं.

आधीची गोष्टही आज कळली. तो आठवड्यात किती खेळतो ते मिनिटांत लिहायला सांगितलं. आमचे तीन सराव २७० मिनिटं. शाळेच्या संघाचे दोन, १२० मिनिटं. रविवारचा सामना ६०. शिवाय वाड्यावरचं सात-सातचं रोज संध्याकाळी, ते कोणी मोजतच नव्हतं, आठवड्याला दोनशेच्या वर. मी माझ्या २७० मधून पन्नास कमी करून खूश होणार होतो. शाळेच्या सरांना फोन केला, त्यांनाही आमचं वेळापत्रक माहीत नव्हतं. ठरलं: चार आठवडे शाळेचा सराव बंद, वाड्यावरचं बंद. सामना दर रविवारी पंधरा मिनिटं, तीही गुडघा दोनच्या आत असेल तर.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आजचा त्याचा दीड तास नीट बघितला, तसाच लिहितो.

पहिली दहा मिनिटं सगळ्यांबरोबर, फक्त उड्या सोडून. मग भिंतीशी बैठक: पाठ भिंतीला, पावलं पुढे, गुडघे पाऊण काटकोनापर्यंतच, तीस सेकंद धरायचं, पाच वेळा. पहिल्या आठवड्यात तो खूप खाली बसत होता आणि आकडा चार येत होता. थोडं वर बसवलं, दोनवर आला. धरलेल्या बैठकीत स्नायू जोर लावतो पण हिसका नसतो, हेच त्यातलं कारण. मांडीचा पुढचा ताण मी आधी टाच ढुंगणाला लावून देत होतो, तो बंद केला, कारण त्यानेही तीच मऊ जागा खेचली जाते. मांडीची मागची बाजू आणि पिंढरी मात्र ताणून घेतो.

मग पायरी. वीस सेंटिमीटरच्या खोक्यावरून एका पायावर उतरायचं आणि तिथेच तीन सेकंद थांबायचं. उजवा गुडघा आत पडतो, अगदी दिसण्याइतका. "गुडघा आत नको" सांगितलं की तो गुडघ्याकडे बघतो आणि तोल जातो. म्हणून पुढे भिंतीवर खडूने खूण केली: गुडघ्याने त्या खुणेकडे बघायचं. सहापैकी चार नीट झाले. उंची कमी ठेवली, आठच वेळा.

उरलेला वेळ चेंडू. उभ्याने छोटे पास, दोन्ही पायांनी. चालत शंकूंतून. लांब शॉट नाही, पूर्ण वेगातून अचानक थांबणं नाही. त्याला हे "लहान मुलांचं" वाटतं, तोंड वाकडं करतो. मी सांगितलं, तुझा पाय नवीन आहे, जुन्या पायाच्या सवयी त्याला शिकवायच्यात. हे त्याला पटलं की मला बरं वाटावं म्हणून मान हलवली, कळलं नाही.

सरावानंतर आकडा एक. दुसऱ्या सकाळी फोनवर: "जिना ठीक, सर."

१७ ऑक्टोबर, गुरुवार

१ नंबर, गोलकीपर, १२ वर्षं. दोन्ही टाचा दुखतात. टाच दोन्ही बाजूंनी तळव्यात धरून दाबली की ओरडतो. पाऊस थांबून मैदान कडक झालंय, तांबडी माती वाळून दगडासारखी, आणि हा लांब खिळ्यांचे बूट घालतो. तीच गोष्ट, जागा वेगळी: पिंढरीचा टेंडन टाचेच्या कूर्चेला ओढतो. साधे गोट्यांच्या तळाचे बूट, आत टाचेखाली मऊ पॅड, आठवडाभर गोलकिक दुसऱ्याने मारायच्या. पट्टीवर त्याचा वेग ६.३. म्हणजे माझी सातची रेघ याला पकडू शकली नाही. रेघ मदतीला आहे, पहारेकरी नव्हे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

९ नंबर १५५.५. झोपेची सरासरी सात तास पन्नास मिनिटं. आठ नाही, पण दीड तास जास्त. यातला काही भाग सकाळच्या सरावाचा.

गुडघा गेले दहा दिवस शून्य किंवा एक. आजपासून भिंतीची धरलेली बैठक सोडून खाली-वर बैठका, आठच्या तीन फेऱ्या, सावकाश. सरळ रेषेत धावणं साठ-सत्तर टक्के वेगाने.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्री, म्हणजे ३० तारखेला, आमचे बारा जण सकाळी पाचपर्यंत जागे होते. गोव्यात या रात्री मुलाला झोपवणारा बाप अजून जन्मायचाय. मी तसं सांगितलंही नाही. ३१ ला सराव ठेवलाच नाही. काल हलका घेतला, आणि रविवारचा मैत्री सामना ठरला होता तो पुढच्या आठवड्यावर ढकलला. दुसऱ्या क्लबचे सर आधी चिडले, मग म्हणाले, "आमचेही झोपलेत कुठे."

९ नंबरने रात्रभर नरकासुराचा सांगाडा उचलला. काल सकाळी आकडा तीन. आज परत एकवर. झोप कमी झाली म्हणून की वजन उचललं म्हणून, ते वेगळं करता येणार नाही. दोन्ही लिहून ठेवतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

१५६.२. पायावर चेंडू: अठ्ठेचाळीस. शंकू: १२.६. उतरताना उजवा गुडघा सहापैकी सहा वेळा खुणेकडे.

या महिन्यात क्रमाने परत आणलं: आधी सरळ पूर्ण वेग, चार दिवसांनी वळणं, मग थांबणं, मग छोट्या उड्या गवतावर, आठवड्याला चाळीसच्या आत. लांब शॉट सर्वांत शेवटी, दहापासून सुरुवात. एका वेळी एकच नवीन गोष्ट. दोन एकदम दिल्या की दुखल्यावर कोणाला दोष द्यायचा ते कळत नाही. वळणांच्या आठवड्यात एकदा आकडा चार गेला. एक पायरी मागे आलो, सहा दिवस गेले.

रविवारी पूर्ण पहिला हाफ खेळला. एक क्रॉस गोलच्या मागे गेला. बाकीचे माणसांपर्यंत पोचले.

२१ डिसेंबर, शनिवार

१५६.७, बैठी ७९.५, पाय ७७.२. सप्टेंबरपासून २.१ सेंटिमीटर. त्यात पाय फक्त ०.७, धड १.४. वेग वर्षाला ९.१, अजून रेघेच्या वरच. पण वाढ आता कमरेच्या वर सरकली आहे. पुढचे महिने त्याच्या गुडघ्याइतकंच पाठीकडे बघायचं: मागे वाकल्यावर कमरेत एका बाजूला दुखतं का, हे मापाच्या दर शनिवारी विचारायचं. डोक्यावरून टाकायचे लांब थ्रो-इन त्याच्याकडून काढून घेतले, तो पाठीची कमान करून टाकतो. ताकद अजून भरलेली नाही, म्हणून दोन दिवस बैठका, दंड आणि पुलाचा व्यायाम चालू.

टेंगूळ आहे तेवढाच आहे. गुडघ्यावर बसला की अजून दोन. देवळात मांडी घालून बसतो म्हणाला.

४ नंबर: गेल्या ५६ दिवसांत १.७. त्याचं पान आज वेगळं केलं.

गेटवर ९ नंबरची आई. परत बूट लहान झालेत, यावेळी एक नंबर मोठेच घेऊ का, सहा महिने तरी चालतील. नको म्हटलं. आधीच पाय अडकतोय त्याचा, सैल बुटाचं टोक अजून अडकेल. अंगठ्यापुढे बोटभर जागा, तेवढीच. जुने बूट फार झिजलेले नाहीत. ते ४ नंबरला बसतात का, मंगळवारी घालून बघू.